फळ्याचा फोटो आला, प्रश्न आलाच नाही

सकाळी सातला ताईने गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या भावफलकाचा फोटो पाठवला. खाली एक शब्द नाही. तिला हवंय काय? आकडे उतरवून, अमराठी शेजारणीसाठी हिंदीत, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याशी तुलना, की हिशेब?

अशा वेळी आधी आहे तसं उतरवावं, कारण बाकी तिन्ही कामं त्यावरच उभी राहतात. आणि चूक होते ती आकड्यात कमी, एककात जास्त. यार्डातले फळभाज्यांचे भाव दहा किलोंचे असतात, पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांचे. समजा फळ्यावर ‘गवार ४००–६००, कोथिंबीर ८००–१२००’ आहे. म्हणजे गवार किलोला ४० ते ६० रुपये आणि कोथिंबिरीची जुडी ८ ते १२ रुपयांना. भाजीवाला पाव किलो गवार २० रुपयांना देत असेल तर किलोचे ८० झाले. वरच्या पैशांत वाहतूक, हमाली आणि वाळून-सडून जाणारा मालही येतो, तेव्हा लगेच त्याला लुटारू ठरवू नये. दोन आकडे असतात ते हलक्या आणि चांगल्या मालाचे.

भाषांतर करताना शब्दांपेक्षा अंक जपावेत. देवनागरी अंक न वाचणाऱ्याला १ हा 9 वाटतो, ४ हा 8 वाटतो.

बिल मात्र फोटोवरून निघत नाही, किती घेतलं ते फळ्यावर नसतंच. मी तारीख आणि एककासकट भाव उतरवून ताईला एवढंच विचारलं, “किती घेणारेस?”

उत्तर आलं, “घेत नाहीये गं, गवार महागली बघ!”