कल्चरमधला ‘एक लाख’

प्रयोगशाळेत तारेच्या कडीने लघवीचा मिलिलिटरचा हजारावा भाग थाळीवर पसरतात. रात्रभरात १०० ठिपके उगवले, तर मिलिलिटरमागे १ लाख जिवाणू. एकाच जातीचे एवढे असतील, तर त्याला सिग्निफिकंट बॅक्टेरियुरिया म्हणतात. हा निकष बोस्टनच्या एडवर्ड कॅस यांनी १९५६ मध्ये मांडला. पण मे महिन्यात अहमदपूरहून सकाळी निघालेली बाटली बर्फाविना दुपारी लातूरला पोचली, तर वाटेतच जिवाणू वाढतात आणि आकडा फसवतो. थाळीवर तीन-चार जातींचे ठिपके, सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेच्या पेशी भरपूर, पू-पेशी जवळजवळ नाहीत, असे दिसले की नमुना दूषित समजावा. तेव्हा अँटिबायोटिक नको, मधल्या धारेचा नवा नमुना हवा. लघवीला जळजळ होणाऱ्या बाईच्या नमुन्यात मात्र ई. कोलायचे १ हजारही दुर्लक्षू नयेत.