एका ‘एल’चा तोल, तीन रेघांत

कारखान्याच्या छपराची कैची तयार होत असताना वेल्डरच्या हाताकडे पाहिलं, तर एक विसंगती डोळ्यांत भरते. १०० मिलिमीटर भुजांचा, १० मिलिमीटर जाडीचा लोखंडी अँगल गसेट प्लेटवर आडवा टेकवलेला असतो. त्याच्या दोन्ही कडांना वेल्ड मारायची असते. पण अँगलच्या कोपऱ्याकडच्या कडेला वेल्ड २५० मिलिमीटर लांब आणि समोरच्या मोकळ्या कडेला जेमतेम १००. अँगल एकच, त्यातला ताण एकच, मग ही वाटणी अशी दुजाभावाची का?

कारण ताण अँगलच्या भुजेच्या मधोमध बसत नाही. तो बसतो अँगलच्या काटछेदाच्या गुरुत्वमध्यातून, ज्याला इंजिनिअर मंडळी सेंट्रॉइड म्हणतात. आणि ‘एल’ आकाराचा गुरुत्वमध्य ही मोठी खट्याळ जागा आहे. आयताचा गुरुत्वमध्य कर्णांच्या छेदावर, वर्तुळाचा केंद्रावर. तिथे विचार करावा लागत नाही. ‘एल’चा मात्र शोधावा लागतो, आणि सापडतो तेव्हा तो कधी कधी ‘एल’च्या बाहेरच असतो.

शोधण्याची रीत पुठ्ठ्यावर सहज कळते. जाड पुठ्ठ्यातून २० सेंटिमीटर उंच, तळाशी १२ सेंटिमीटर रुंद आणि दोन्ही पट्ट्या ४ सेंटिमीटर रुंदीच्या असा ‘एल’ कापला, असं धरू. उभी पट्टी डावीकडे. सगळी अंतरं डाव्या कडेपासून आणि तळापासून मोजायची. पेन्सिलीने एक उभी रेघ मारून उभी पट्टी पूर्ण उंचीची राहू दिली, की दोन आयत हाती येतात. उभा आयत ४ बाय २०, म्हणजे ८० चौरस सेंटिमीटर. त्याचं केंद्र डावीकडून २ आणि तळापासून १० सेंटिमीटरवर. उरलेला पाय ८ बाय ४, म्हणजे ३२ चौरस सेंटिमीटर. त्याचं केंद्र डावीकडून ८, तळापासून २ सेंटिमीटरवर.

आता प्रत्येक आयताचा सगळा भार त्याच्या केंद्रात गोळा झाला आहे असं मानलं, की उरतो तो सी-सॉचा हिशेब. क्षेत्रफळ गुणिले अंतर. डावीकडून मोजताना ८० गुणिले २ आणि ३२ गुणिले ८ यांची बेरीज ४१६. तिला एकूण क्षेत्रफळाने, म्हणजे ११२ने भागलं की ३.७१ सेंटिमीटर. तळापासून मोजताना बेरीज ८६४ आणि उत्तर ७.७१. उभ्या पट्टीची आतली कड ४ सेंटिमीटरवर आहे. म्हणजे तोलाचा बिंदू पुठ्ठ्यावर आहे खरा, पण कडेपासून तीन मिलिमीटरसुद्धा आत नाही!

पुठ्ठा दुसऱ्या प्रकारेही कापता येतो. तळाची पट्टी पूर्ण १२ सेंटिमीटर ठेवायची आणि तिच्यावर ४ बाय १६चा आखूड खांब उभा आहे असं समजायचं. क्षेत्रफळं बदलतात, केंद्रं बदलतात, पण बेरजा पुन्हा ४१६ आणि ८६४च येतात. तिसरा मार्ग उलटा आहे. १२ बाय २०चा अख्खा आयत घ्यायचा आणि त्यातून वरचा उजवा, ८ बाय १६चा न दिसणारा तुकडा वजा करायचा. पुन्हा तेच आकडे. वजाबाकीचा हा विचार बराच जुना आहे. आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सपाट आकृत्यांच्या समतोलावर ग्रंथ लिहिला, त्यात एक प्रमेय नेमकं हेच सांगतं: आकृतीचा तुकडा काढून टाकला, तर उरलेल्या भागाचा गुरुत्वमध्य अख्ख्या आकृतीच्या आणि तुकड्याच्या केंद्रांना जोडणारी रेघ मागे वाढवली की तिच्यावरच सापडतो.

या रेघेतच खरी मौज आहे. दोन तुकड्यांचा मिळून तोल त्यांच्या केंद्रांना जोडणाऱ्या रेघेवरच असणार. जड तुकड्याच्या जरा जवळ, एवढंच. मग पहिल्या कापाने एक रेघ मिळते, दुसऱ्या कापाने दुसरी. गुरुत्वमध्य दोन्हींवर हवा, म्हणजे तो त्यांच्या छेदावर आला. आयताचं केंद्र कर्णांनी सापडतंच. तेव्हा एकही अंतर न मोजता, एकही गुणाकार न करता, नुसत्या सरळ पट्टीने बिंदू मिळतो. वजाबाकीची तिसरी रेघही त्याच बिंदूतून जाते; गेली नाही, तर चित्रात कुठेतरी चूक आहे. पडताळा पाहायचा तर पुठ्ठा वेगवेगळ्या कोपऱ्यांत टाचणीने टांगून ओळंबा सोडावा. ओळंब्याचे दोरे त्याच ठिपक्यावरून जातात.

गणिताच्या वहीत होणारी हमखास चूक म्हणजे कोपरा दोनदा मोजणं. उभी पट्टी २० सेंटिमीटर, आडवी १२, असं सरळ घेतलं की खालचा ४ बाय ४चा चौकोन दोघींकडे जातो. उत्तर येतं ३.५ आणि ७. दिसायला इतकं सभ्य की शंकाही येत नाही. चोरी पकडते ती क्षेत्रफळाची बेरीज: ११२च्या जागी १२८. दुसरी चूक पायाचं केंद्र पट्टीच्या आतल्या कडेपासून मोजण्याची. तिथे ८च्या जागी ४ लिहिलं जातं आणि बिंदू आपल्या रेघेवरून घसरतो.

पट्टीच्या या युक्तीलाही मर्यादा आहेत. पुठ्ठा एकजिनसी हवा. उभी पट्टी पोलादाची आणि पाय अॅल्युमिनिअमचा असेल, तर क्षेत्रफळाऐवजी वजन धरावं लागतं. समान जाडीला पोलाद जवळपास तिप्पट जड, म्हणून तोल डावीकडे सरकून २.७ सेंटिमीटरच्या आसपास जातो. काप मात्र धातूंच्या सांध्यावरच घ्यावा लागतो. दुसऱ्या कापात एका तुकड्यात दोन धातू येतात आणि त्याचं केंद्र मधोमध राहत नाही. शिवाय ‘एल’ बारीक असेल, तर पहिल्या दोन रेघा एकमेकींना अगदी निमुळत्या कोनात छेदतात. मघाच्या अँगलमध्ये हा कोन जेमतेम ६ अंशांचा. पेन्सिलीच्या जाडीतच छेदबिंदू हरवतो. तिथे आकडेमोडच बरी.

ती अशी: १० बाय १००चा एक आयत, ९० बाय १०चा दुसरा. एकूण क्षेत्रफळ १९०० चौरस मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य प्रत्येक भुजेच्या पाठीपासून २८.७ मिलिमीटरवर. जाडी फक्त १०, म्हणजे हा बिंदू दोन भुजांमधल्या हवेत आहे! तरी ताणाचा धनी तोच. १०० मिलिमीटरच्या भुजेवर तो कोपऱ्याकडे झुकलेला असल्यामुळे कोपऱ्याकडच्या वेल्डला सुमारे ७१ टक्के भार उचलावा लागतो आणि मोकळ्या कडेच्या वेल्डला २९ टक्के. एकूण ३५० मिलिमीटर वेल्ड याच प्रमाणात वाटली की २५० आणि १०० येतात. लांबी सारखी ठेवली, तर दोन वेल्डचा मध्य आणि ताणाची रेघ यांत २० मिलिमीटरहून जास्त अंतर पडतं आणि सांधा गसेटच्या पातळीत पिळला जाऊ लागतो. गसेटच्या एकाच बाजूला अँगल असल्याने येणारा आडवा वाक मात्र या वाटणीने जात नाही; त्यासाठी दोन अँगल पाठीला पाठ लावून बसवतात.

आता इंजिनिअरच्या टेबलावरचं स्टील टेबल उघडलं, तर याच अँगलसमोर २८.७ नव्हे, २८.४ मिलिमीटर छापलेलं असतं आणि क्षेत्रफळ १९०३. चूक कुणाचीच नाही. रोलिंग मिलमधून निघालेल्या अँगलचा आतला कोपरा गोलसर भरलेला असतो आणि भुजांची टोकं आतून गोल झालेली असतात. कोपऱ्यात भर पडली, टोकांना घट झाली. दोन्ही जवळपास सारखी असल्याने क्षेत्रफळ हललंच नाही म्हणायचं, पण लोखंड टोकांकडून कोपऱ्याकडे गेलं. गुरुत्वमध्यही त्याच्या मागोमाग पाव मिलिमीटरच्या आसपास कोपऱ्याकडे सरकला.