‘माल मिळालाच नाही’

येवल्यात पैठण्या विणून घेऊन स्वतःच्या वेबसाइटवरून विकणारं एखादं लहानसं दुकान डोळ्यांसमोर आणा. बंगळुरूच्या एका बाईंनी तिथून क्रेडिट कार्डाने १४,८०० रुपयांची साडी मागवली. ६ जूनला ऑर्डर आली, ८ जूनला पार्सल कुरिअरकडे गेलं, ११ जूनला पोचलं. पैसे दुकानाच्या खात्यात जमा झाले, त्यातले विणकराला देऊनही झाले. मग २० ऑगस्टला पेमेंट गेटवेचा ईमेल येतो : ग्राहकाने माल न मिळाल्याची हरकत घेतली आहे, १४,८०० रुपये रोखून ठेवले आहेत, २७ ऑगस्टपर्यंत पुरावे द्या. याला चार्जबॅक म्हणतात.

अडीच महिन्यांनी हरकत कशी, हा दुकानदाराचा पहिला प्रश्न. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांनुसार अशा तक्रारीसाठी साधारणपणे १२० दिवसांची मुभा असते, आणि माल मिळाला नसेल तर हे दिवस बहुधा तो मिळायला हवा होता त्या तारखेपासून मोजतात. ग्राहक दुकानाकडे न येता आपल्या बँकेकडे जातो. ती बँक कार्ड कंपनीमार्फत दुकानाच्या बाजूच्या बँकेला कळवते, ती गेटवेला आणि गेटवे दुकानदाराला. उत्तर त्याच वाटेने परत जातं. कार्ड कंपनीने दिलेली मुदत महिन्याभराची असली, तरी मधला प्रत्येक जण त्यातले काही दिवस आपल्या कामासाठी राखून ठेवतो. त्यामुळे शेवटच्या माणसाच्या हाती आठवडाच उरतो. रविवार, गणपती, दुकान बंद, यांतलं काहीही त्यातून वजा होत नाही. तारीख हुकली की दुकानदाराने हरकत मान्य केली असं धरलं जातं, मग पुरावा कितीही भक्कम असो. हा ईमेल जातो तो खातं उघडताना दिलेल्या पत्त्यावर. तो पत्ता वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाचा किंवा अकाउंटंटचा निघाला, तर आठवड्यातले चार दिवस तिथेच जातात.

ईमेल वाचून पहिलं मनात येतं ते म्हणजे बाईंना फोन करावा. फोन जरूर करा. पण त्या म्हणाल्या ‘पैसे परत द्या, मी तक्रार मागे घेते’, तर थांबा. हरकत उघडी असताना वेगळा रिफंड दिला आणि तिकडे बँकेने चार्जबॅकही मंजूर केला, तर पैसे दोनदा जातात आणि साडीही गेलेलीच असते. चूक खरोखर दुकानाची असेल तर गेटवेच्या पानावर हरकत मान्य करून मोकळं व्हावं. बाई तक्रार मागे घेत असतील, तर त्यांनी आपल्या बँकेला तसं कळवावं आणि बँकेचं उत्तर किंवा किमान स्वतःचा ईमेल दुकानाला पाठवावा. तोंडी शब्दाला इथे काडीची किंमत नाही.

ईमेलमध्ये एक आकडा असतो, बहुतेक दुकानदार त्याच्याकडे पाहतही नाहीत. व्हिसाच्या कार्डावर 13.1 म्हणजे माल मिळाला नाही, 13.3 म्हणजे मिळाला पण सांगितल्यासारखा नव्हता, 10.4 म्हणजे हा ऑनलाइन व्यवहार मी केलाच नाही. उत्तर फक्त त्या आरोपाला द्यायचं असतं. 13.1 ला जीएसटी बिल, साडीचे फोटो आणि अस्सलतेचं प्रमाणपत्र जोडून उपयोग नाही, कारण साडी नकली असल्याचं कोणी म्हटलेलंच नाही. उलट 13.3 ला कुरिअरची पोच दाखवून काय साधणार? पोचली हे तर ग्राहकालाही मान्य आहे. तिथे वेबसाइटवरचं त्या दिवशीचं वर्णन, पाठवण्याआधीचे फोटो, आणि ग्राहकाने माल परत केला किंवा करू पाहिला का, हे बोलतं. 10.4 भारतीय कार्डावर क्वचितच दुकानदाराच्या अंगावर येतो, कारण ओटीपीने खात्री झालेल्या व्यवहारात ही जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. परदेशी कार्डावर ओटीपीविना पैसे घेतले असतील, तर मात्र सावध.

आपल्या दुकानावर आरोप 13.1 चा आहे. कुरिअरच्या पानावर ‘Delivered’, ११ जून, बंगळुरू एवढंच दिसतं. दुकानदाराला वाटतं, झालं की सिद्ध! पण बंगळुरूत लाखो घरं आहेत. ते पार्सल याच ऑर्डरचं आणि याच पत्त्यावर गेलं, हे जोडून दाखवावं लागतं. तो दुवा म्हणजे एडब्ल्यूबी नंबर. तो ऑर्डरच्या नोंदीत, पत्त्यासह पार्सलवर चिकटवलेल्या लेबलवर आणि ट्रॅकिंगच्या पानावर एकच दिसला पाहिजे. कुरिअरकडून सहीची पोच त्याच दिवशी लेखी मागवावी, ती यायला दोन-तीन दिवस लागतात. ट्रॅकिंगची पानं कायम राहत नाहीत, म्हणून माल पोचताच त्यांची प्रत साठवण्याची सवय बरी.

पोच आली आणि सही निघाली सोसायटीच्या वॉचमनची. इथे बरेच जण हातपाय गाळतात. पण पार्सल ठरलेल्या पत्त्यावर, ग्राहकाच्या वतीने घेणाऱ्या माणसाकडे गेलं, हाही पुरावाच आहे. तो एकटा मात्र लंगडा पडतो. त्याला आधार मिळतो दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर. १३ जूनला बाईंनीच विचारलेलं असतं, ‘ब्लाउज पीस वेगळा कापून घ्यायचा का?’ साडी हातात नसलेली बाई हे कशाला विचारेल? ही एक ओळ पोचपावतीपेक्षा जड आहे. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि नंबर दोन्ही दिसू द्या, आणि तो नंबर ऑर्डरमधलाच असल्याचं दाखवा. निकाल देणाऱ्याला मराठी येत असेल असं नाही, म्हणून खाली इंग्रजी अर्थ टंकून द्या. व्हॉइस मेसेज असेल तर तो लिहून काढा, कारण फाइल सहसा पीडीएफच्या किंवा चित्राच्या रूपातच जाते.

आता वर एक पानाचं पत्र. आमचं दुकान तीन पिढ्यांचं आहे, एकाही ग्राहकाची तक्रार नाही, हा मजकूर खोडा. इंग्रजीत लिहायच्या त्या पत्राचा ऐवज एवढाच : ‘६ जूनची ऑर्डर, रक्कम १४,८०० रुपये. पार्सल ग्राहकाने दिलेल्या पत्त्यावर ११ जूनला पोचलं. लेबल, ट्रॅकिंग आणि सही पान २ ते ४ वर. १३ जूनला ग्राहकाने ऑर्डरमधल्याच नंबरवरून मिळालेल्या साडीबद्दल विचारलं, पान ५. माल मिळाला नाही हा दावा त्यामुळे टिकत नाही.’ बहुतेक ठिकाणी एकदा पाठवलं की भर घालता येत नाही, म्हणून सगळं एका फाइलमध्ये क्रमाने लावून, पुन्हा एकदा वाचून, शक्यतो २६ तारखेलाच पाठवा.

निकालाला कित्येक आठवडे लागतात. जिंकलात तर रोखलेली रक्कम सुटते, पण ग्राहकाची बँक नवी माहिती देऊन आणखी एक फेरी मागू शकते. तीही अडली, तर प्रकरण कार्ड कंपनीच्या लवादाकडे जातं, आणि तिथे हरणाऱ्याच्या माथी शेकडो डॉलरचं शुल्क बसतं. १४,८०० रुपयांच्या साडीसाठी तिथवर जाऊ नये. पहिल्या फेरीत सगळे पुरावे लावा. लवादाची वेळ आलीच, तर रक्कम सोडून द्या.