एका तासाच्या चालण्याचा हिशोब

माझी थोरली बहीण डोंबिवली पूर्वेला राहते. वय अठ्ठावन्न, वजन बासष्ट किलो, उंची पाच फूट. गेल्या वर्षी तिने रोज तासभर चालायला सुरुवात केली आणि मनगटावरच्या घड्याळात जो आकडा येईल तो वहीत उतरवायची सवय लावून घेतली. वहीच्या प्रत्येक ओळीत जवळजवळ तोच मजकूर : चालणे, एक तास, ३१० कॅलरी. महिन्याचे पंचवीस दिवस ती चालत होती. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, हे तिने कुठेतरी वाचले होते. पंचवीस गुणिले तीनशे दहा म्हणजे ७७५०. म्हणजे महिन्याला एक किलो, चार महिन्यांत चार किलो. प्रत्यक्षात काटा जेमतेम किलोभराने हलला. तिने थायरॉइडची तपासणी करून घेतली, ती ठीक निघाली. मग दोष आपल्याच तोंडाला देऊन तिने रात्रीची भाकरी बंद केली आणि दुपारी चारच्या सुमाराला तिला घेरी येऊ लागली. "अरे, माझ्या अंगालाच व्यायाम लागत नाही," असे ती मला म्हणाली, तेव्हा मी तिची वही मागून घेतली.

मी डॉक्टर नाही. आकडा कुठून आला हे शोधत बसण्याची खोड मात्र जुनी आहे. ३१०चा उगम शोधायला फार खोल जावे लागले नाही. ३१०ला ६२ने भागले की बरोबर पाच येतात. हा पाच म्हणजे 'मेट'.

मेट हे एकक मुळात व्यायामासाठी जन्मलेच नव्हते. १९४१ साली गॅगी, बर्टन आणि बॅझेट या तीन संशोधकांनी माणसाचे शरीर, त्याचे कपडे आणि भोवतालची हवा यांच्यातली उष्णतेची देवाणघेवाण मोजण्यासाठी दोन एकके सुचवली : कपड्यांसाठी 'क्लो' आणि शरीराच्या उष्णतेसाठी 'मेट'. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता म्हणजे एक मेट. पुढे व्यायामशास्त्राने शब्द तोच ठेवला आणि माप बदलले. दर किलो वजनामागे दर मिनिटाला साडेतीन मिलिलिटर प्राणवायू वापरला जातो, तो एक मेट. व्यवहारात याचा अर्थ दर किलोमागे तासाला एक कॅलरी. (आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो ती शास्त्रातली किलोकॅलरी. इथेही तोच अर्थ आहे.) त्यामुळे सूत्र फार सोपे होते :

कॅलरी = मेट × वजन (किलो) × वेळ (तास)

कोणत्या कामाला किती मेट, याची मोठी यादी बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केली. २००० आणि २०११मध्ये ती सुधारली, २०२४मध्ये पुन्हा एकदा. मी इथे २०११ची यादी वापरतो, कारण बहुतेक तयार कोष्टकांत तिचेच आकडे फिरत असतात. तिच्यात सपाट रस्त्यावर ताशी चार किलोमीटरने चालण्याला ३.० मेट आहेत, पावणेपाच-पाचच्या आसपासच्या वेगाला ३.५, ताशी ५.६ला ४.३ आणि ताशी ६.४ला ५.०. यादीच्या कर्त्यांनी स्वतःच एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवली आहे. हजारो माणसांच्या पाहण्यांतल्या कामांची प्रतवारी एकसारखी व्हावी म्हणून ही यादी केली. एका विशिष्ट माणसाची ऊर्जा अचूक मोजणे हा तिचा हेतू नाही. घड्याळे आणि कोष्टके हे वाक्य गाळून पुढे जातात.

तेव्हा पाच मेट म्हणजे ताशी ६.४ किलोमीटर. डोंबिवलीच्या फडके रोडवर संध्याकाळी सहा वाजता या वेगाने चालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पहिले काम वेग मोजण्याचे. उंच इमारतींच्या मधल्या गल्ल्यांत उपग्रहाचे मोजमाप भरकटते, म्हणून जुनी रीत धरली. शाळेच्या मैदानावर टेप लावून ताईला नेहमीच्या चालीने शंभर पावले टाकायला सांगितली. ५८ मीटर भरले. तिच्या रोजच्या फेरीत ५,५०० पावले पडतात, म्हणजे ३,१९० मीटर, धरून चालू सव्वातीन किलोमीटरांना थोडे कमी. मग मी तिच्याबरोबर एक फेरी मारली आणि ती उभी राहिली की वेळ टिपत गेलो. गणेश मंदिरापाशी नमस्कार, दोन ठिकाणी रस्ता ओलांडण्यासाठी थांबणे, भाजीवाली, आणि नेहरू मैदानापाशी भेटलेली जुनी सहकारीण. सगळे मिळून बारा मिनिटे. घराबाहेर एक तास, चालणे अठ्ठेचाळीस मिनिटे. ३.२ किलोमीटर ४८ मिनिटांत, म्हणजे बरोबर ताशी चार. मेट पाच नव्हेत, तीन.

३.० × ६२ × ०.८ = १४९. आकडा एका फटक्यात निम्म्यावर आला. पण खरी गफलत याच्याही पुढे आहे आणि ती वेग बरोबर मोजणाऱ्यांचीही होते.

या १४९मध्ये ताई घरी खुर्चीत बसून राहिली असती तरी जळलेल्या कॅलरीही धरलेल्या आहेत. तीन मेटमधला पहिला मेट जिवंत असण्याचा आहे, चालण्याचा नव्हे. वजन उतरण्याचा हिशोब करायचा तर तो वजा केला पाहिजे, कारण तो खर्च तिच्या दिवसभराच्या आहारात आधीच धरलेला असतो. म्हणून (३.० − १) × ६२ × ०.८ = ९९. बारा मिनिटे उभे राहण्याचे मेट १.३, त्यातला एक वजा जाता उरतात तीन-चार कॅलरी. एकूण शंभराच्या जरा वर. ३१०चा तिसरा हिस्सा.

मंद चालीत ही वजाबाकी फार जाचते. तीनातला एक गेला की तिसरा भाग जातो. धावताना दहातला एक गेला तर विशेष बिघडत नाही. म्हणूनच घड्याळाने सर्वांत जास्त फसवणूक होते ती सावकाश चालणाऱ्या, वयस्कर माणसांची, म्हणजे ज्यांना हिशोबाची गरज सर्वांत जास्त त्यांची.

आता तो साडेतीन मिलिलिटरचा आकडा. तो मुळात सत्तर किलो वजनाच्या, चाळिशीतल्या एका पुरुषावरून आल्याचे सांगितले जाते. २००५ साली बर्न आणि सहकाऱ्यांनी ७६९ स्त्री-पुरुषांची विश्रांतीतली मोजणी प्रसिद्ध केली. सरासरी निघाली सुमारे २.६ मिलिलिटर, म्हणजे किलोमागे तासाला एक नव्हे, ०.८४ कॅलरी. हॅरिस आणि बेनेडिक्ट यांच्या १९१९च्या समीकरणात ताईचे वय, वजन, उंची घातली तर दिवसाला साधारण १,२५८ कॅलरी येतात. किलो आणि तासावर आणले की ०.८४५. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचलो, याचे मला बरे वाटले. २०२४मध्ये साठीपुढच्यांसाठी वेगळी यादी निघाली, तिच्यातही एक मेट २.७ मिलिलिटरचाच धरला आहे.

पण हा फरक हिशोबात कसा घालायचा, यावर दोन मते संभवतात. चालण्याचा एकूण प्राणवायू यादीप्रमाणेच लागतो आणि फक्त विश्रांतीचा खर्च कमी आहे असे मानले, तर १४९मधून ५० ऐवजी ४२ वजा होतात आणि उरतात १०७. उलट, चालणे हे तिच्या स्वतःच्या विश्रांतीच्या तिप्पट असे मानले, तर सगळ्यालाच ०.८४५ने गुणावे लागते आणि उरतात ८४. खरा आकडा कुठेतरी या दोहोंमध्ये. म्हणून मी ताईच्या वहीत '१००, वीस इकडेतिकडे' असे लिहिले. तोंडावर मुखपट्टी लावून श्वास मोजणाऱ्या प्रयोगशाळेखेरीज याहून नेमके सांगता येत नाही, आणि घड्याळ जेव्हा ३१२ किंवा ३०७ दाखवते तेव्हा त्यातला शेवटचा अंक निव्वळ शोभेचा असतो.

महिन्याला पंचवीस फेऱ्या म्हणजे २,५०० कॅलरी, जेमतेम ३२५ ग्रॅम. चार महिन्यांत सव्वा किलो. म्हणजे काट्याने दाखवले ते बरोबर होते. तिच्या अंगात बिघाड नव्हता आणि भाकरीचाही काही गुन्हा नव्हता. पाणी आणि मीठ यांच्या चढउतारानेच वजन दिवसात किलोभर इकडेतिकडे होते, त्यात सव्वातीनशे ग्रॅम कुठे दिसणार?

"मग घाम येतो तो? आणि स्टेशनचा पूल चढताना दम लागतो तो?" हा ताईचा प्रश्न. घामाचा संबंध अंग गार ठेवण्याशी आहे. ऑक्टोबरच्या उकाड्यात तीच चाल, तेच अंतर, आणि नाडी मात्र वेगाने पडते, कारण रक्त कातडीकडेही पाठवावे लागते. नाडीवरून कॅलरी काढणारे घड्याळ हा उकाडा मेहनतीच्या खात्यावर जमा करते. पुलाचे म्हणाल तर चढ सहा मीटर धरा. बासष्ट किलो सहा मीटर उचलण्याचे काम एका कॅलरीहूनही कमी. स्नायू खाल्लेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामाला लावतात म्हणून चौपट केले, तरी साडेतीन कॅलरी. दम लागतो तो ती ऊर्जा अर्ध्या मिनिटात काढावी लागते म्हणून.

धावणाऱ्यांचा हिशोब मात्र गमतीदार आहे. पावसाळ्यात होणाऱ्या ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमधली एकवीस किलोमीटरची शर्यत घ्या. पासष्ट किलोचे दोन धावपटू. एक ताशी ९.७ने धावतो, मेट ९.८, अर्धमॅरेथॉनचे अंतर २ तास ११ मिनिटांत. दुसरा ताशी ८ने, मेट ८.३, त्याला लागतात २ तास ३७ मिनिटे. विश्रांतीचा मेट वजा केला तर पहिल्याच्या जळतात सुमारे १,२४९ आणि दुसऱ्याच्या १,२४४. सव्वीस मिनिटांचे अंतर आणि पाच कॅलरींचा फरक! धावताना दर पावलाला सगळे अंग उचलून पुढे फेकावे लागते. त्याचा भाव दर किलोमीटरला ठरलेला, किलोमागे सुमारे ०.९. वेळ बदलली तरी भाव बदलत नाही. चालताना शरीर ताठ पायावरून लंबकासारखे झुलत पुढे जाते, बरीचशी ऊर्जा पावलागणिक परत मिळते, म्हणून तोच भाव अर्ध्यावर, ०.५च्या आसपास. ताईचे ३.२ किलोमीटर × ६२ × ०.५ केले तरी ९९च येतात. घड्याळाशिवाय, वेळेशिवाय करता येणारी ही पडताळणी मला सूत्राहून अधिक आवडते. अंतर खरे मोजलेले हवे, एवढीच तिची अट. घोडबंदर रोडसारख्या उड्डाणपुलांच्या रस्त्यावर हा भाव थोडा चढतो, पण उतारावर त्यातला काही भाग परत मिळतो.

चालण्याचा भाव मात्र वेगाने वाढतो, हे ताईला सांगितले. ताशी ५.६ला मेट ४.३, म्हणजे निव्वळ ३.३, तिच्या चालीच्या दोनच्या जागी. अठ्ठेचाळीसपैकी सोळा मिनिटे या वेगाने काढली तर ९९चे १२१ होतात. बावीस कॅलरी, म्हणजे एखादे मारी बिस्किट. ऐकून ती हसली. रात्रीची भाकरी तिने त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. सोळा मिनिटांची भरभर चाल मात्र ती नेहरू मैदानावर करते, कारण फडके रोडवर तेवढी मोकळी जागा मिळत नाही. वहीत आता कॅलरीचा रकाना नाही. पावले आणि चालण्याची मिनिटे, दोनच.