वाचता येणारा गोल शिक्का

गृहनिर्माण संस्थेच्या एखाद्या जुन्या पावतीवरचा गोल शिक्का पाहा. मधला नोंदणी क्रमांक बहुधा वाचता येतो. कडेने फिरणारं संस्थेचं नाव मात्र निळ्या डागांची माळ होऊन बसलेलं असतं. दोष शाईला किंवा शिक्का मारणाऱ्याच्या हाताला दिला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा तो आराखड्यातच असतो, आणि देवनागरी लिपी गोलावर कशी वागते हे पाहिलं तर तो टाळता येतो.

एक उदाहरण घेऊ. शिक्का ३० मिलिमीटर व्यासाचा आणि नाव ‘अमुक सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’. बाहेरचं वर्तुळ, त्याच्या आतली थोडी मोकळी जागा आणि वेलांट्या-रफारांसाठी एक मिलिमीटर सोडला, की शिरोरेषा केंद्रापासून सुमारे १२.८ मिलिमीटरवर येते. तिथला परीघ भरतो ८० मिलिमीटर. अक्षराची शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची अडीच मिलिमीटर धरली, तर एक अक्षर साधारण तीन मिलिमीटर जागा घेतं. नावात अठरा अक्षरं आहेत. शब्दांमधल्या जागा धरून ५९ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ पाऊण वर्तुळ झालं. नाव एवढं लांबलं की सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं उलटी होऊ लागतात आणि वाचणाऱ्याला कागद फिरवावा लागतो.

अशा वेळी दुकानात अक्षरं दोन मिलिमीटरची करून देतात. नाव बसतं, पण वाचता येत नाही. रबरावरची शाई कागदावर प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना किंचित पसरते. ‘स्था’मधली पोकळी, ‘र्मा’चा रफार आणि शिरोरेषा यांच्यातली फट, ‘सं’वरचा अनुस्वार या जागा आधी बुजतात. त्यापेक्षा अक्षर अडीचचंच ठेवावं आणि ‘मर्यादित’ हा शब्द खालच्या कमानीत न्यावा. वर चौदा अक्षरं उरतात. ती २०५ अंशांच्या आसपास, म्हणजे अर्ध्या वर्तुळाहून थोड्या जास्त जागेत बसतात. खालचा शब्द मात्र पालथा घालून बसवायचा, म्हणजे तो डावीकडून उजवीकडे सरळ वाचता येईल. तिथे शिरोरेषा केंद्राकडे येते आणि रफार-वेलांटी आत झुकतात, म्हणून मधला मजकूर तेवढा आवरता घ्यावा. गाव आणि नोंदणी क्रमांक मध्ये सरळ ओळींत लिहावेत. क्रमांक कडेने फिरवू नये. आतलं दुसरं वर्तुळ मी तरी काढूनच टाकेन. त्याचा उपयोग काही नाही आणि ‘गृ’ची खालची खूण त्यालाच चिकटते.

खरी अडचण शिरोरेषेची आहे. कोरलड्रॉमध्ये ‘Fit Text to Path’ दिलं की प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे वळवून वर्तुळावर उभं केलं जातं. ती वर्तुळरेषा अक्षरांच्या पायाशी असेल, तर पाय एकमेकांना लागून राहतात आणि डोकी फाकतात. आपल्या उदाहरणात दर दोन अक्षरांमध्ये शिरोरेषेला जवळजवळ पाऊण मिलिमीटरची फट पडते, आणि शब्दाऐवजी सुटी अक्षरं दिसू लागतात. म्हणून वर्तुळरेषा शिरोरेषेशी धरावी. आता पाय जवळ येतात, पण देवनागरीत बहुतेक अक्षरांचा भार काना-दंडावर असल्याने एवढी दाटी चालून जाते. मग अक्षरांचं रेखाचित्रात रूपांतर करून प्रत्येक शब्दावर शिरोरेषेच्याच जाडीची एक सलग कमान ओढावी आणि शब्द संपेल तिथे ती तोडावी. शब्द वेगळे कळतात ते या तुटीमुळेच.

जागा भरण्यासाठी अक्षरांमधलं अंतर मात्र कधीही वाढवू नये. त्याने शिरोरेषा पुन्हा तुटते. वाढवायचंच तर शब्दांमधलं अंतर वाढवावं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये वेलांटी आणि रफार हे सुटे तुकडे असतात. गोलावर ते आपापल्या दिशेने वळतात आणि ‘नि’ची वेलांटी भलत्याच अक्षराकडे कलते. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा मोफत मिळणारा युनिकोड फाँट इथे चांगला चालतो. त्याच्या रेघांची जाडी सर्वत्र जवळपास सारखी आहे. शिक्क्यासाठी त्याचं मध्यम वजन घ्यावं. ठळक वजनात पोकळ्या बुजतात, आणि फार बारीक रेघा पॉलिमरचा शिक्का धुताना निघून जातात.

शिक्का करायला टाकण्यापूर्वी दुकानदाराकडून खऱ्या मापाची छापील प्रत मागून घ्या. पडद्यावर मोठा करून दाखवलेला आराखडा पाहून होकार देऊ नका. त्या प्रतीची झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची आणखी एक काढा, आणि संस्थेचं नाव ठाऊक नसलेल्या माणसाला ती वाचायला द्या. तो ‘गृहनिर्माण’ला अडखळला, तर अक्षरं मोठी करा किंवा शिक्का ३५ मिलिमीटरचा घ्या.