नव्या संगणक प्रणालीचा चाचणी अहवाल कसा वाचावा?



उसाची नोंद, तोडणीचा क्रम, काट्यावरचे वजन आणि पंधरवड्याचे बिल ही चारही कामे आता बहुतेक कारखान्यांत संगणकावर होतात. ही प्रणाली तयार करणारी कंपनी अधूनमधून तिच्यात सुधारणा करून नवी आवृत्ती देते. आवृत्ती हवाली करण्यापूर्वी तिची चाचणी होते आणि शेवटी गिऱ्हाईकाच्या, म्हणजे कारखान्याच्या, हाती चार-सहा पानांचा एक कागद येतो. त्याला चाचणी सारांश अहवाल म्हणतात. तो पाहून प्रणाली हंगामात चालू करायची की नाही, हे कारखान्याने ठरवायचे असते. संगणकाचे शिक्षण नसलेल्या माणसाला तो समजला पाहिजे, अशी अपेक्षा असते. तो कसा वाचावा आणि कोठे बोट ठेवावे, हे आम्ही या लेखात सांगत आहोत. पुढच्या उदाहरणातील आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, मात्र हिशेब खऱ्या अहवालासारखाच आहे.

आधी आवृत्तीचा क्रमांक पाहावा

अहवालाच्या पहिल्याच पानावर कोणत्या आवृत्तीची चाचणी झाली, तिचा क्रमांक आणि तारखा असतात. समजा, तेथे ४.२.७ असे आहे. कारखान्याच्या संगणकावर प्रत्यक्षात बसवायची आवृत्तीही ४.२.७ च असली पाहिजे. चाचणीत दोष सापडले, कंपनीने ते घाईने दुरुस्त केले आणि ४.२.८ आणून बसवली, तर हातातला अहवाल ४.२.८ चा राहत नाही. एक दोष काढताना शेजारची चालू गोष्ट बिघडते, असे संगणकाच्या कामात नेहमी घडते. म्हणून दुरुस्तीनंतर दुरुस्त झालेला भाग तर तपासतातच, शिवाय त्याला लागून असलेले भागही पुन्हा तपासतात. ही फेरतपासणी झाली की नाही, हे अहवालात लिहिलेले असावे.

टक्केवारीचा हिशेब

त्यानंतर येतो आकड्यांचा तक्ता. अहवाल सांगतो की २१६ चाचण्या झाल्या, त्यांपैकी २०५ पास आणि ११ नापास, म्हणजे जवळपास ९५ टक्के यश. वाचणाऱ्याचे समाधान होते आणि तो पान उलटतो. पण चाचण्या ठरवल्या होत्या किती? तक्त्याच्या वरच्या ओळीत आकडा आहे २४०. म्हणजे २४ चाचण्या झाल्याच नाहीत. ठरलेल्या २४० वर हिशेब मांडला तर पास झालेल्या चाचण्या ८५ टक्क्यांच्या थोड्याच वर जातात.

आता दहा टक्के राहिल्या म्हणून काय बिघडले, असे कोणी विचारील. त्या कोणत्या राहिल्या यावर ते अवलंबून आहे. आमच्या उदाहरणात २४ पैकी १४ चाचण्या काट्यावरच्या होत्या. भरलेल्या ट्रॉलीचे वजन झाले, ती रिकामी होऊन परत काट्यावर येण्याच्या आत वीज किंवा जोडणी गेली, तर ती खेप अर्धवट राहते का, की तिची दोनदा पावती निघते, हे त्यांत पाहायचे होते. त्या आठवड्यात काट्याची वैधमापन खात्याकडून पडताळणी चालू होती, त्यामुळे काटा मोकळा मिळाला नाही. उरलेल्या १० चाचण्या बिलातून सोसायटीचे कर्ज कापण्याच्या होत्या. सोसायट्यांच्या याद्या वेळेत न आल्याने त्या अडल्या. म्हणजे राहिलेले दहा टक्के नेमके सभासदाच्या वजनाचे आणि पैशाचे आहेत.

उसाची पक्वता पाहताना आपण हेच सांभाळतो. धुऱ्याकडचे चार ऊस तोडून ब्रिक्स काढला तर आकडा मिळतो, पण तो साऱ्या फडाचा नसतो. त्यासाठी आत शिरून, ठिकठिकाणचे ऊस घ्यावे लागतात. चाचणी अहवालातही किती तपासले याच्या जोडीला कोठे तपासले हे वाचावे लागते. म्हणून चांगल्या अहवालात ‘काय तपासले नाही व का’ असा एक स्वतंत्र भाग असतो. अमेरिकेतील विद्युत व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या संस्थेने १९८३ साली चाचणीच्या कागदपत्रांचा जो नमुना घालून दिला, त्यातही ठरल्यापेक्षा काय वेगळे घडले आणि तपासणी पुरेशी झाली का, यांसाठी वेगळे रकाने होते. हा भाग अहवालात नसेल तर तो मागून घ्यावा.

हा भाग किती महाग पडू शकतो, याचा दाखला इंग्लंडमधील टीएसबी बँकेचा आहे. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या प्रणालीवरून नव्या प्रणालीवर नेली. लगेच गोंधळ उडाला. लोकांना आपल्या खात्यात शिरता येईना आणि काम पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. पुढे २०१९ मध्ये एका वकील संस्थेचा चौकशी अहवाल आला. त्यातून असे दिसले की प्रणाली किती भार सोसते याची चाचणी दोनपैकी एकाच संगणक केंद्रावर झाली होती. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील दोन नियामक संस्थांनी बँकेला मिळून ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला.

नापास ११, दोष चारच

नापास चाचण्यांची संख्या आणि दोषांची संख्या एक नसते. एकाच दोषामुळे पाच ठिकाणच्या चाचण्या नापास होऊ शकतात. आमच्या उदाहरणात ११ नापास चाचण्यांच्या मुळाशी चार दोष निघाले. एक दुरुस्त होऊन फेरतपासणीत पास झाला, तीन शिल्लक राहिले. अहवालाचा खरा जीव या शिल्लक दोषांच्या यादीत असतो.

पहिला दोष असा: पावतीवर गावाच्या नावातले जोडाक्षर तुटून छापले जाते. दिसायला वाईट, सर्वांच्या नजरेत भरणारे. पण सभासदाचा क्रमांक व वजन बरोबर असेल तर पैशाला धक्का नाही.

दुसरा दोष: खोडव्याची नोंद पुढच्या वर्षी वर्ग केली की तारीख मूळ लागणीचीच राहते. त्यामुळे संगणक उसाचे वय जास्त धरतो आणि तोडणीच्या क्रमात तो फड पुढे ओढतो. कोवळा ऊस आधी तुटतो आणि पक्व ऊस मागे राहून वाळतो. यावर अहवालात ‘तात्पुरता मार्ग उपलब्ध’ असा शेरा आहे. हा मार्ग म्हणजे गट कार्यालयाने प्रत्येक खोडव्याची तारीख हाताने दुरुस्त करायची. म्हणून तात्पुरता मार्ग लिहिला असेल तेथे तो कोणी करायचा, किती नोंदींचा आणि किती दिवसांत, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसऱ्या दोषापुढे कंपनीने ‘किरकोळ’ असे लिहिले आहे. मजकूर एका ओळीचा आहे: ‘वजनाचा तिसरा दशांश खात्यात घेतला जात नाही.’ हे वाचून कोणाचेही लक्ष जाणार नाही. आपण त्याचा अर्थ लावू. काटा ५ किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो असे धरू. पावतीवर निव्वळ वजन १४.३६५ टन आले. खात्यात मात्र १४.३६ टन जमा झाले. पाच किलो गेले. ज्या खेपेचा शेवटचा आकडा शून्य असेल तिचे काही जात नाही, ज्या खेपेचा पाच असेल तिचे पाच किलो जातात. म्हणजे साधारण निम्म्या खेपांना तूट. हंगामात ४०,००० खेपा धरल्या तर २०,००० खेपांचे प्रत्येकी पाच किलो, म्हणजे १०० टन ऊस. टनाला ३,००० रुपये भाव धरला तर सभासदांचे तीन लाख रुपये. शिवाय तूट नेहमी एकाच बाजूची, सभासदाच्या अंगावर पडणारी. आणि पावती व खाते जुळत नाही म्हटल्यावर काट्यावरचा विश्वास उडतो, तो वेगळाच.

कंपनीच्या दृष्टीने हा दोष किरकोळ आहे, कारण त्याने प्रणाली बंद पडत नाही आणि दुरुस्तीही तासाभराची असते. दोष यंत्राला किती जड, हा एक प्रश्न आणि तो धंद्याला किती जड, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तंत्रज्ञ देईल, दुसऱ्याचे उत्तर कारखान्यालाच द्यावे लागते. त्यासाठी प्रत्येक शिल्लक दोषापुढे ‘यामुळे सभासदाचे किंवा कारखान्याचे काय होईल’ हे एक साधे वाक्य असलेच पाहिजे. अहवाल अडाण्यासाठी सोपा करणे म्हणजे अवघड शब्द गाळणे नव्हे, ते वाक्य लिहिणे होय.

शेवटची शिफारस

अहवालाच्या अखेरीस तपासणारा आपले मत देतो. ते तीन प्रकारचे असते: चालू करावी, अटीवर चालू करावी, किंवा थांबावे. हे मत असते, निर्णय नव्हे. निर्णय गिऱ्हाईकाचा. मत देणारा माणूस प्रणाली लिहिणाऱ्यांपेक्षा वेगळा असावा आणि त्याची सही असावी.

आमच्या उदाहरणात योग्य मत ‘अटीवर’ हेच ठरते. अटी अशा: वजनाचा दोष काढून नव्या क्रमांकाच्या आवृत्तीत वजन व बिल पुन्हा तपासावे. काटा मोकळा होताच वीज जाण्याच्या १४ चाचण्या प्रत्यक्ष काट्यावर घ्याव्यात. सोसायट्यांच्या याद्या आल्यावर कपातीच्या १० चाचण्या पुऱ्या कराव्यात. खोडव्याच्या तारखा तोडणीचा क्रम लागण्याआधी दुरुस्त व्हाव्यात. आणि पहिला पंधरवडा जुनी प्रणालीही सोबत चालू ठेवून दोन्हींची बिले ताडून पाहावीत, म्हणजे गरज पडल्यास मागे फिरता येईल. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. बिलाची प्रणाली अडली म्हणून ही मुदत थांबत नाही. जोडाक्षराचा दोष मात्र पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबला तरी चालेल.

प्रत्येक अटीपुढे कोण करणार आणि केव्हापर्यंत, हे लिहिलेले असावे. नाहीतर अट कागदावर राहते आणि गव्हाण सुरू होते.

सभासदांनीही एक काम करावे. नव्या आवृत्तीवर निघालेल्या पहिल्या बिलापर्यंत सर्व खेपांच्या वजन पावत्या जपून ठेवाव्यात. बिल आले की पावत्यांची बेरीज बिलातल्या वजनाशी किलोपर्यंत ताडून पाहावी. पाच-दहा किलोंचा फरक दिसला तरी ‘एवढ्याने काय होते’ म्हणून सोडू नये. पावत्यांसह गट कार्यालयात यावे.