बाकीच्या शेजारचा रकाना

मोबाइलवरून पैसे पाठवले की तो निरोप बँकेकडे जाण्याआधी सांकेतिक रूपात बदलला जातो. हे काम बहुतेक ठिकाणी AES नावाची पद्धत करते. बेल्जियमच्या योआन डामन आणि व्हिन्सेंट रायमन यांनी ती रचली आणि अमेरिकेच्या NIST या संस्थेने नोव्हेंबर २००१ मध्ये तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. या पद्धतीच्या प्रत्येक फेरीत एक पायरी अशी असते की प्रत्येक बाईटच्या जागी दुसरा बाईट येतो. संगणकाच्या सोळाच्या लिपीत `53` असेल तर तिथे `ED` येतो. NIST च्या दस्तऐवजात हेच उदाहरण दिलेले आहे.

ही अदलाबदल कुणी मनाला येईल तशी ठरवलेली नाही. आधी `53` चा गुणाकार व्यस्त काढतात, म्हणजे ज्याने गुणले असता १ यावा असा बाईट. तो `CA` आहे. मग त्याचे बिट ठरावीक रीतीने मिसळून `ED` तयार होतो. व्यस्ताची निवडही विचारपूर्वक केलेली आहे: हा बदल सरळ रेषेच्या गणिताला दाद देत नाही, हे फिनलंडच्या काइसा न्यूबर्ग यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले होते. आता प्रश्न असा की `CA` सापडतो कसा? त्यासाठी बहुपदींचा मसावि काढायचा आणि तो काढताना बाकीच्या शेजारी एक जादा रकाना लिहीत जायचा. इथे खुद्द मसाविचे कुणाला काही पडलेले नाही. तो १ येणार हे आधीच ठाऊक असते. हवा असतो तो शेजारच्या रकान्यातला गुणक.

आधी शाळेच्या वहीतले उदाहरण घेऊ. x³−1 आणि x²−1 या दोन बहुपदींचा मसावि काढायचा आहे. x³−1 ला x²−1 ने भागले तर भागाकार x येतो आणि बाकी x−1 उरते. पुढे x²−1 ला x−1 ने भागले तर बाकी शून्य. म्हणून शेवटची शून्येतर बाकी, x−1, हाच मसावि. शाळेत इथे उत्तराखाली दोन रेघा मारतात. पण पहिली ओळ पुन्हा नीट वाचली तर तिच्यात आणखी काही आहे:

x−1 = 1·(x³−1) − x·(x²−1)

मसावि इथे मूळच्या दोन बहुपदींपासून तयार झाला. पहिलीला 1 ने गुणले, दुसरीला −x ने गुणले आणि बेरीज केली. हे दोन गुणक. x च्या जागी १० ठेवून पाहिले तर ९९९ वजा १० गुणिले ९९, उरले ९. आणि x−1 ची किंमतही ९.

एकाच भागाकारात काम झाले म्हणून इथे गुणक डोळ्यांसमोरच होते. भागाकारांची साखळी लांबली तर ते हरवतात. यावर दोन वाटा आहेत. एक म्हणजे शेवटच्या ओळीपासून उलटे वर चढत जायचे. भारतीय गणितातली कुट्टकाची वाट हीच. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये पूर्णांकांसाठी ती दिली आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत कुट्टकाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातले एक उदाहरण असे: २२१ ला कशाने गुणून ६५ मिळवले असता १९५ ने निःशेष भाग जाईल? तिन्ही संख्यांना १३ ने छेद दिला की १७, १५ आणि ५ राहतात. १७ भागिले १५, भागाकार १, बाकी २. १५ भागिले २, भागाकार ७, बाकी १. भागाकार एकाखाली एक मांडायचे, खाली ५ आणि शेवटी ०. या उभ्या मांडणीला वल्ली म्हणतात. मग खालून वर: ७ गुणिले ५ अधिक ०, झाले ३५, १ गुणिले ३५ अधिक ५, झाले ४०. ३५ मधून १५ च्या पटी काढल्या की गुणक ५ हातात येतो. ताळा सोपा आहे: २२१ × ५ + ६५ = ११७०, आणि ते १९५ च्या सहापट आहे.

दुसरी वाट संगणकाला अधिक सोयीची. उलटे चढायचेच नाही. प्रत्येक बाकी लिहिताना तिचे गुणकही लगेच लिहून ठेवायचे. बाकी मिळते कशी? आधीच्या आधीची ओळ घ्यायची आणि तिच्यातून आधीची ओळ भागाकाराने गुणून वजा करायची. गुणकाच्या रकान्यावरही अगदी तीच क्रिया, त्याच भागाकाराने करायची. एवढाच नियम. त्यामुळे साखळी कुठेही थांबवली तरी त्या ओळीतली बाकी मूळच्या बहुपदींपासून कशी बनली, ते तिच्या शेजारीच लिहिलेले असते. युक्लिडची भागाकाराची साखळी संख्यांवरून बहुपदींवर सायमन स्टेव्हिनने १५८५ मध्ये आणली. त्यात बदलते ते एवढेच की बाकी लहान होते म्हणजे तिच्यातला x चा सर्वांत मोठा घात उतरतो.

आता `53` कडे. त्याचे आठ बिट आहेत 01010011. उजवीकडून मोजत प्रत्येक बिटाला x चा एकेक घात दिला की बाईटची बहुपदी होते: x⁶+x⁴+x+1. हिला a म्हणू. सहगुणक फक्त ० किंवा १, आणि १+१=०. त्यामुळे बेरीज आणि वजाबाकी एकच होते आणि चिन्हांची कटकट संपते. गुणाकार आठ बिटांत मावावा म्हणून तो x⁸+x⁴+x³+x+1 या ठरावीक बहुपदीने भागून बाकी तेवढी ठेवतात. हिला m म्हणू.

m ला a ने भागू. x² ने गुणलेला a आहे x⁸+x⁶+x³+x². तो m मध्ये मिळवला की x⁸ आणि x³ जोडीजोडीने नाहीसे होतात आणि x⁶+x⁴+x²+x+1 उरते. घात अजून सहाच आहे, म्हणून a आणखी एकदा मिळवायचा. उरते फक्त x². भागाकार झाला x²+1. पुढे a ला x² ने भागले तर भागाकार x⁴+x², बाकी x+1. मग x² ला x+1 ने भागले तर भागाकार x+1, बाकी 1. तीन भागाकारांत काम आटोपले. शेजारच्या रकान्यासह मांडणी अशी:

```
बाकी               a चा गुणक
x⁸+x⁴+x³+x+1      0
x⁶+x⁴+x+1         1
x²                x²+1
x+1               x⁶+x²+1
1                 x⁷+x⁶+x³+x
```

चौथ्या ओळीतला गुणक करून पाहण्यासारखा आहे. भागाकार x⁴+x² ने वरच्या x²+1 ला गुणले की x⁶+x⁴+x⁴+x² येते. दोन x⁴ नाहीसे झाले, त्यात त्याच्या वरच्या ओळीतला 1 मिळवला, झाले x⁶+x²+1. शेवटच्या ओळीतली बहुपदी बिटांत लिहिली की 11001010, म्हणजेच `CA`.

m चा गुणक लिहिलाच नाही, कारण त्याची गरज पडत नाही. तो x⁵+x⁴+x³+x²+1 येतो, पण m ने भागून बाकी घ्यायची म्हटल्यावर m ची कोणतीही पट शून्यच. आठ बिटांची मर्यादाही आपोआप पाळली जाते: या रीतीने मिळणाऱ्या a च्या गुणकाचा घात m च्या घातापेक्षा लहानच राहतो. शून्य बाईटला मात्र व्यस्त असूच शकत नाही. AES मध्ये या पायरीपुरते त्याच्या जागी शून्यच धरतात.

m म्हणून हीच बहुपदी का, हे दुसरी घेऊन बघितले की चटकन कळते. x⁸+1 दिसायला किती सुटसुटीत! तिने तीच साखळी चालवली तर बाक्या येतात x⁴+x³+x²+x, मग x³+1, मग x²+1, मग x+1, आणि पुढे शून्य. साखळी १ पर्यंत पोचलीच नाही. मसावि x+1 निघाला, म्हणजे `53` ला या हिशोबात व्यस्तच नाही. कारण असे की इथे x⁸+1 हा x+1 चा आठवा घात आहे, आणि ज्या बाईटमध्ये १ ची संख्या सम आहे त्या प्रत्येकाला x+1 ने भाग जातो. २५६ पैकी निम्मे बाईट असे गळतात. AES ची m अविभाज्य आहे, तिचे लहान घातांच्या बहुपदींत अवयव पडत नाहीत, म्हणून शून्य सोडून सगळ्यांना व्यस्त मिळतो. खूण लक्षात ठेवायची ती ही: शेवटची शून्येतर बाकी स्थिर संख्या असेल तरच गुणकाला व्यस्त म्हणता येते.

सहगुणक ० आणि १ पुरते बांधलेले होते म्हणून हे गणित इतके आटोपशीर राहिले. साध्या अपूर्णांकांत तीच साखळी भलतीच फुगते. डोनाल्ड नथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या दुसऱ्या खंडात एक उदाहरण आहे. त्यातल्या एका बहुपदीत आठवा घात, दुसरीत सहावा. सहगुणक साधे पूर्णांक, त्यांतला सर्वांत मोठा २१. मसावि १ आहे. पण शेवटची बाकी येते −1288744821/543589225. अंश दहा अंकी, छेद नऊ अंकी, आणि शेजारचे गुणकही तसेच अवजड. छेद काढून पूर्णांकांत राहायचे आणि तरी आकडे आटोक्यात ठेवायचे, यासाठी जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६७ मध्ये बाक्यांना पद्धतशीर भाग देत जाण्याची रीत मांडली. दशांश चिन्हाने काम भागवावे म्हटले तर धोका वेगळाच. जिथे बाकी शून्य यायला हवी तिथे संगणकात 10⁻¹⁶ च्या आसपासचा कचरा उरतो, पद्धत त्याने आणखी एक भागाकार करते आणि मसावि १ असल्याचे सांगते. शेवटची बाकी आधीच्यांपेक्षा इतकी बारीक दिसली की तो आकडा खरा आहे का, हे आधी तपासायला हवे.

मधल्या ओळींनाही किंमत आहे, आणि हा भाग सर्वांत देखणा. ओरखडा पडलेली सीडी किंवा डाग पडलेला QR कोड वाचताना चुकलेले बाईट शोधावे लागतात. आलेल्या बाईटांवरून, t चुका दुरुस्त करायच्या असतील तर, 2t सहगुणकांची एक बहुपदी तयार होते. १९७५ मध्ये जपानच्या सुगियामा, कासाहारा, हिरासावा आणि नामेकावा यांनी दाखवले की x²ᵗ आणि ही बहुपदी घेऊन हीच साखळी चालवायची, पण शेवटपर्यंत न्यायची नाही. बाकीचा घात t च्या खाली उतरला की थांबायचे. त्या क्षणी शेजारच्या रकान्यात जो गुणक असतो त्याची मुळे चुकलेल्या बाईटांच्या जागा सांगतात, आणि त्याच ओळीतली बाकी कोणत्या जागी किती चूक आहे हे काढायला कामी येते. चुका t पेक्षा जास्त असतील तर बहुधा त्या गुणकाला त्याच्या घाताएवढी मुळे सापडत नाहीत आणि दुरुस्ती आपल्या आवाक्याबाहेर आहे हे वाचकयंत्राला कळते.